तक्त्यातलं एक घर रिकामं राहिलं, त्यानंतर

सवयींच्या नोंदीचा माझा सहा महिन्यांचा तक्ता ३० जूनला संपला. त्यात रिकामी घरं आहेत. याआधीचे माझे सगळे तक्ते पहिल्या रिकाम्या घरापाशीच थांबले होते, हा तेवढा थांबला नाही. सवयी कोणत्या निवडाव्यात, सुरुवात कशी करावी यावर पुष्कळ लिहिलेलं सापडतं. चुकलेल्या दिवसानंतरच्या सकाळी नेमकं काय करायचं, हे मात्र मला चाचपडतच शोधावं लागलं. म्हणून ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

६ जानेवारीला सुरुवात केली. चौकटींची साधी वही घेतली, खर्च काय तो तेवढाच. रकाने तीन: सकाळी पाठीचे व्यायाम, रात्री दहा पानं वाचन आणि झोपण्याआधी दिवसाची चार ओळींची नोंद. यातले व्यायाम फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलेले, चार प्रकार, सगळे मिळून पंधरा मिनिटांचे. ते दात घासून झाल्याबरोबर करायचे असं ठरवलं होतं, कारण दात घासायला मी विसरत नाही. रात्री वही उघडून घरं भरायला दोन मिनिटंही लागत नसत.

महिनाभर घरं भरत गेली. एकसलग भरलेल्या घरांची ओळ पाहायला छान वाटतं आणि त्यातच पुढच्या घोटाळ्याचं मूळ असतं. तिसऱ्या आठवड्यापासून मी व्यायाम पाठीसाठी करत होते की ती ओळ तुटू नये म्हणून, हे मला नीट सांगता आलं नसतं.

७ फेब्रुवारीला पहाटेच बाहेर पडावं लागलं. दात घासले ते बूट घालण्याच्या घाईत, आणि घरी परतले ती रात्री उशिरा. वही उघडली तेव्हा व्यायामाचं घर रिकामं होतं. त्या रात्री व्यायाम राहिला याला काही इलाज नव्हता, पण वाचन आणि नोंद या दोन गोष्टी अजून हातात होत्या. दहा पानं नाही तरी दोन वाचता आली असती. मी वही मिटली आणि झोपले. एक घर रिकामं राहायचं होतं, तिथे तीन राहिली.

हे माझ्या एकटीचं नाही, हे नंतर वाचताना कळलं. आहारावर संशोधन करणाऱ्या जॅनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी डाएट करणाऱ्यांमध्ये हेच पाहिलं होतं: ठरवलेली मर्यादा एकदा ओलांडली गेली, की ‘आजचा दिवस गेलाच’ असं म्हणून माणूस उरलेल्या दिवसात एरवीपेक्षाही जास्त खातो. म्हणजे नुकसान पहिल्या घासापेक्षा त्यानंतरच्या हिशेबाने होतं. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ॲलन मार्लाट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५च्या त्यांच्या पुस्तकात एकदा घसरणं आणि पुन्हा पूर्णपणे व्यसनात जाणं या दोन वेगळ्या घटना मानल्या. पहिलीतून दुसरी होईल की नाही, हे बऱ्याच अंशी माणूस पहिलीचं कारण काय लावतो यावर ठरतं, असं त्यांचं म्हणणं. ‘मी अशीच आहे, माझ्याने काही टिकत नाही’ हे कारण लावलं तर पुढचा दिवसही जातो. ‘पहाटे निघाले, त्यामुळे व्यायामाची वेळच आली नाही’ हे कारण लावलं तर निदान त्यावर काही करता येतं.

८ फेब्रुवारीच्या सकाळी माझ्यासमोर तीन मोह होते. तिन्ही ओळखीचे असतील, म्हणून सविस्तर सांगते.

पहिला मोह घर भरून टाकण्याचा. वही माझी, पेन माझं, विचारणारं कोणी नाही. शिवाय आदल्या दिवशी मी इतकी चालले होते, की त्यालाच व्यायाम म्हणायला मन तयार होतं. मी ते केलं नाही, पण सचोटीपेक्षा व्यवहाराच्या कारणाने. तक्ता खोटा झाला की महिन्याअखेरी त्यातून काही कळत नाही. कोणत्या प्रकारच्या दिवशी काय निसटतं, ही माहिती तर रिकाम्या घरांमध्येच असते. त्या घरात मी एक छोटं शून्य काढलं आणि शेजारी लिहिलं: ‘पहाटे बाहेर’. हे दोन शब्द पुढे सगळ्यात उपयोगी पडले.

दुसरा मोह भरपाईचा. आज तीस मिनिटं करू, म्हणजे कालचं फिटेल. त्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बाईंशी दुसऱ्याच कामासाठी बोलणं झालं तेव्हा हेही विचारलं. त्या म्हणाल्या, “स्नायूंना कालचा हिशेब कळत नाही. आजचं आज करा, नेहमीच्याच संख्येने. दुप्पट कराल आणि परवा दुखतंय म्हणून थांबाल.” पाठीच्या बाबतीत हे शरीराचं कारण झालं. पण वाचन आणि नोंदीलाही ते लागू पडतं, कारण भरपाईचा दिवस नेहमीच्या दिवसापेक्षा जड असतो, आणि जड दिवस चुकण्याची शक्यता जास्त. वीस पानं वाचायची म्हणून बसलं, तर बारावर झोप येते आणि तो दिवसही अपुरा वाटायला लागतो. (औषधाची गोळी चुकली असेल तर यातलं काहीही लागू करू नका. तिथे डॉक्टर किंवा सोबतचं माहितीपत्रक सांगेल तेच, आणि आपल्या मनाने दुप्पट तर कधीच नाही.)

तिसरा मोह सगळ्यात सभ्य दिसतो: १ मार्चपासून नव्याने, कोरी पानं घेऊन. महिन्याची, आठवड्याची, वर्षाची सुरुवात माणसाला उत्साह देते हे खरंच आहे. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला होता. लोक व्यायामशाळेत जाण्यासारख्या गोष्टी अशा तारखांनंतर जास्त करतात, असं त्यांना आढळलं. पण ज्याची सुरुवात आधीच झालेली आहे, त्याच्यासाठी १ मार्चची वाट पाहणं म्हणजे फेब्रुवारीचे उरलेले तीन आठवडे सोडून देणं. माझे जुने तक्ते याच मार्गाने गेले होते. प्रत्येक वेळी पहिली तारीख यायची, आणि तोवर दात घासल्यावर व्यायामाची आठवणच होईनाशी झालेली असायची.

त्या सकाळी मी नेहमीचे पंधरा मिनिटं व्यायाम केले. मनात उत्साह अजिबात नव्हता. आठवड्यातली सगळ्यात कंटाळवाणी पंधरा मिनिटं होती ती.

रविवारी धाकट्या भावाला वही दाखवली. तो आकडेमोडीतला माणूस. म्हणाला, “ताई, तू सलग किती दिवस झाले ते मोजतेस. त्या मोजमापात एक दिवस चुकला की सगळं शून्य होतं. तुझी पाठ शून्यावर गेली का?” मग त्याने स्प्रेडशीटमध्ये मला दुसरं मोजमाप लावून दिलं. कल्पना अशी: सवयीला ० ते १०० मध्ये गुण द्यायचे. रोज कालच्या गुणांचे ९५ टक्के शिल्लक राहतात, आणि आज काम केलं असेल तर त्यात ५ मिळवायचे. C रकान्यात केलं तर 1, नाही केलं तर 0 लिहायचं, आणि B मध्ये हे सूत्र B3 पासून खाली ओढत न्यायचं. पहिल्या ओळीत, म्हणजे B2 मध्ये, सुरुवातीचं शून्य.

```
=B2*0.95+C3*5
```

या सूत्राने माझा महिना मांडला तर ६ फेब्रुवारीच्या रात्री गुण ८० च्या जरासे वर होते. सोयीसाठी ८० धरू. ७ तारखेला चुकलं, म्हणून ७६. पुढे रोज केलं, तर ७७.२, ७८.३, ७९.४ आणि चौथ्या दिवशी ८०.५. म्हणजे एका चुकलेल्या दिवसाची किंमत चार साधे दिवस. सलग दोन दिवस चुकले असते तर गुण ७२.२ वर आले असते आणि परत ८० गाठायला सात दिवस लागले असते. आणि सगळं पुसून शून्यापासून सुरुवात केली असती, तर ८० गाठायला बत्तीस दिवस.

चार आणि बत्तीस हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहिल्यावर १ मार्चचा विषय माझ्यापुरता संपला.

हे सूत्र म्हणजे काही मेंदूचं मोजमाप नव्हे. ९५ आणि ५ हे आकडे आम्ही ठरवलेले. लूप हॅबिट ट्रॅकर नावाचं मुक्त-स्रोत ॲप सलग दिवसांबरोबर असाच हळूहळू चढणारा आणि हळूहळू उतरणारा गुणांक दाखवतं. वहीचा कंटाळा असेल त्यांनी ते पाहावं. सूत्राची एक खोड मात्र लक्षात ठेवा: गुण जितके वर, तितका एका दिवसाचा तोटा जास्त दिसतो. ४० वर असताना चुकलं तर दुसऱ्याच दिवशी भरून निघतं, ९० वर असताना आठ दिवस जातात. माणसाचं प्रत्यक्षात बहुधा उलट असतं. जुनी सवय एका दिवसाने फारशी हलत नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. ९६ लोकांनी प्रत्येकी खाण्याची, पिण्याची किंवा हालचालीची एक सवय निवडली, रोज एका ठरावीक प्रसंगानंतर ती करायची, आणि बारा आठवडे ती किती आपोआप होते याची नोंद ठेवायची. आपोआपपणाची पातळी स्थिर व्हायला लागणारा काळ, त्या नोंदींवरून बांधलेल्या अंदाजाप्रमाणे, माणसामाणसात १८ ते २५४ दिवस इतका वेगळा निघाला. मधला आकडा ६६. आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे एखादी संधी हुकल्याने सवय घडण्यावर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. हे एखाद्या संधीबद्दल आहे. वारंवार हुकण्याला ते लागू करू नये.

मग प्रश्न राहिला तो ‘पहाटे बाहेर’ या शब्दांचा. माझा व्यायाम दात घासण्याला बांधलेला होता, पण खरं तर तो दात घासून झाल्यावर निवांतपणे घरात असण्याला बांधलेला होता. पहाटे निघायचं असेल तर दात घासले जातात, व्यायामाची चटई उलगडत नाही. असे दिवस पुन्हा येणारच होते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी ‘अमुक झालं तर तमुक करीन’ या स्वरूपाच्या योजनांवर बरंच काम केलं आहे. ‘जमेल तेव्हा करीन’ पेक्षा प्रसंग आणि कृती दोन्ही आधीच ठरवलेली योजना जास्त पाळली जाते, कारण त्या क्षणी पुन्हा विचार करावा लागत नाही. मी वहीच्या आतल्या बाजूला लिहिलं: ‘सकाळी सातच्या आत बाहेर पडावं लागलं, तर रात्री घरी येऊन कपडे बदलल्याबरोबर पहिले दोन प्रकार.’ दोनच प्रकार, पाच मिनिटं. थकून आल्यावर पंधरा मिनिटं होणार नाहीत हे मला माहीत होतं.

२२ फेब्रुवारीला तसाच दिवस आला. रात्री कपडे बदलले, चटईवर बसले, दोन प्रकार केले. घरात तिरपी रेघ मारून अर्धंच रंगवलं. खुणा आता तीन झाल्या होत्या: पूर्ण भरलेलं घर, अर्धं घर आणि कारणासहित शून्य. स्प्रेडशीटमध्ये अर्ध्याला 0.5 लिहिलं.

अर्ध्या घराचा धोका असा, की ते सोयीचं वाटायला लागतं. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात वाचनाच्या रकान्यात अर्धी घरं पूर्ण घरांपेक्षा जास्त झाली. पहाटे निघण्याचं कारण तिथे नव्हतं. दहा पानं मला रात्री झेपतच नव्हती. पंधरवड्यात अर्धी घरं पूर्ण घरांना मागे टाकू लागली, तर ठरवलेलं प्रमाणच जास्त आहे असं समजावं, एवढी खूण मी तेव्हापासून धरली आहे. प्रमाण पाच पानांवर आणलं.

मार्चमध्येच आणखी एक गोष्ट जोडली: महिन्याला दोन राखीव सुट्ट्या. मारिसा शरीफ आणि सुझॅन शू यांच्या २०१७ सालच्या निबंधात लक्ष्य कडक ठेवून सोबत थोड्या आपत्कालीन सवलती देण्याचा प्रयोग आहे. रोजचं लक्ष्य आणि दोन सवलती मिळालेले लोक, मुळातच सोपं लक्ष्य मिळालेल्या लोकांपेक्षा जास्त टिकून राहिले. सवलत हाताशी असली की ती उगाच खर्च करायला मन धजत नाही, असा त्यामागचा तर्क. माझ्यासाठी नियम असा केला, की सुट्टी आदल्या रात्री वहीत लिहिली तरच सुट्टी. दुसऱ्या दिवशी रात्री आठवली तर ते शून्य. हा नियम नसता तर प्रत्येक शून्य मी मागाहून सुट्टी म्हणून खपवलं असतं, याची मला खात्री आहे. सुट्टीचं घर आडव्या रेघेने बंद करते आणि त्या दिवसाची ओळ स्प्रेडशीटमध्ये घालतच नाही. गुण वाढत नाहीत, उतरतही नाहीत.

मार्चअखेरीला ताप आला आणि सलग काही दिवस तिन्ही रकाने बंद. या प्रसंगाला वरचं काही फारसं लागू पडत नाही, म्हणून वेगळं सांगते. आजारात मी राखीव सुट्ट्या मोजल्या नाहीत. वहीत कंस करून ‘ताप’ लिहिलं आणि विषय संपवला. परतताना रकाने एकदम सुरू केले नाहीत. आधी चार ओळींची नोंद, कारण ती अंथरुणातही होते. मग वाचन. व्यायाम शेवटी, तेही बाईंना विचारून, सुरुवातीला निम्म्याच आवर्तनांनी. एक दिवस चुकणं आणि आठवडा जाणं यांतला व्यवहारातला फरक मला इथे कळला: एका दिवसानंतर नेहमीचंच काम नेहमीच्या प्रमाणात करायचं असतं, मोठ्या खंडानंतर मात्र प्रमाण खाली आणून चढवायचं असतं. हे उलटं केलं तर दोन्हीकडे अडचण. एका दिवसासाठी प्रमाण उतरवलं तर ते उतरलेलंच राहतं.

एप्रिलमध्ये आणखी शून्यं आली. पण ती आता एकेकटी होती. व्यायामाचं शून्य आलं तरी त्याच रात्री वाचनाचं घर भरलेलं दिसतं. त्यासाठी मी एक अगदी यांत्रिक गोष्ट केली होती: तिन्ही रकाने वहीच्या वेगवेगळ्या पानांवर नेले. एकाच ओळीत शेजारी शेजारी असताना एक रिकामं घर सगळा दिवस नासल्यासारखं दिसायचं. पानं वेगळी केल्यावर प्रत्येक सवयीचा दिवस वेगळा झाला. ॲप वापरणाऱ्यांनी ‘आज तीनपैकी दोन’ असा एकत्रित आकडा दाखवणारी सोय शक्य असेल तर बंद करून पाहावी, आणि सलग दिवसांचा मोठा आकडा पहिल्या पडद्यावरून हलवता येत असेल तर तोही हलवावा.

मे महिन्यात एका रात्री वाचनाचं शून्य मांडताना मनात आलं, हा रकानाच नको. याआधी असं वाटलं की मी त्याच क्षणी सोडून देत असे. आता त्यासाठीही नियम आहे: कोणतीही सवय बंद करायची किंवा बदलायची असेल तर निर्णय महिन्याच्या शेवटच्या दिवशीच, आणि आदल्या दोन दिवसांत त्या रकान्यात शून्य आलं असेल तर तेव्हाही नाही, निर्णय पुढच्या महिन्यावर. शून्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक सवय निरुपयोगी वाटते, त्यामुळे तेव्हाच्या मतावर मी विसंबत नाही. ३१ मेला वाचनाचं पान काढून बसले. शून्यांशेजारची कारणं वाचली तर बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता: ‘उशीर’. पानं कमी करूनही ते बदललं नव्हतं. कामाच्या दिवसांत रात्री वाचन होतच नाही, हे त्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

वाचन आठवड्यातून तीनदा असं करून टाकलं, वार न ठरवता. त्यासाठी घरं रोजची न ठेवता आठवड्याला तीन आखली, आणि स्प्रेडशीटमध्येही ओळ दिवसाऐवजी त्या घराची झाली. जूनमध्ये एका आठवड्यात दोनच घरं भरली. तिसऱ्यात शून्य काढून शेजारी कारण लिहिलं, आणि सोमवारी पुढच्या आठवड्याची तीन घरं आखली.